सिसू : आतड्यातला शब्द आणि अनुवादकांची अडचण

गेल्या वेळी आपण ‘शब्दाला अर्थ कुठून येतो’ या प्रश्नाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न एका छोट्या शब्दावर घासून बघायचा आहे. शब्द फिनलंडचा आहे. फिनिश लोक तो ‘सिसु’ असा, दोन्ही स्वर ऱ्हस्व ठेवून आणि पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारतात. आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ होतो, म्हणून आपण ‘सिसू’ लिहू. एवढंच सांभाळा की त्याचा ‘शिशू’शी काहीही संबंध नाही.

या शब्दाबद्दल दोन विधानं नेहमी जोडीनं ऐकू येतात. पहिलं, या शब्दाचा अनुवाद होत नाही. दुसरं, या शब्दाचा अर्थ अमुक आहे. ‘सिसू’ याच नावाचा एक फिनिश चित्रपट 2022 साली आला. त्याच्या सुरुवातीलाच पडद्यावर येतं की या शब्दाचा अनुवाद करता येत नाही, आणि लगोलग तो म्हणजे कसलं धैर्य हेही सांगितलं जातं. आता तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा विचारेल, अनुवाद होत नाही तर हे तुम्ही आत्ता काय केलंत? म्हणजे ‘अनुवाद होत नाही’ याचा अर्थ ‘एका शब्दात, कायमचा, सगळीकडे चालेल असा अनुवाद होत नाही’ एवढाच आहे. आणि तसा तर ‘संसार’ या शब्दाचाही होत नाही, ‘माहेर’चाही होत नाही. तेव्हा या गूढ भाषेत आपल्याला शिरायचं नाही. आपला प्रश्न जमिनीवरचा आहे. इंग्रजीत या एका शब्दाला कुणी ‘गट्स’ म्हणतं, कुणी ‘ग्रिट’, कुणी ‘परसिव्हिअरन्स’, कुणी ‘टेनॅसिटी’, कुणी ‘फॉर्टिट्यूड’, तर कुणी थेट ‘फिनिश स्पिरिट’. हे सगळे अनुवादक काही अडाणी नाहीत. मग त्यांची उत्तरं वेगळी का येतात? आणि उद्या मराठीत हा शब्द आणायचा झाला तर आपण काय करू?

पहिली गोष्ट, शब्दाचं घर. फिनिशमध्ये ‘सिसॅ’ म्हणजे आतला. त्याच मुळातून ‘सिसुस’ म्हणजे पोटातला ऐवज, आतला भाग. ‘सिसू’ त्याच घरातला. दानिएल युस्लेनियस यांचा फिनिश शब्दकोश 1745 साली निघाला. त्यात ‘सिसुकुंदा’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ शरीरातली अशी जागा की जिथून तीव्र भावना उसळतात. म्हणजे मुळात हा गुण नव्हे, ठिकाण आहे. तिथून काय वर येईल याची हमी नाही. राग येईल, दुष्टपणा येईल, हट्ट येईल, धैर्यही येईल. आजच्या फिनिशमध्येही याच्या खुणा शिल्लक आहेत. ‘पाहानसिसुइनेन’ म्हणजे वाईट सिसूचा माणूस, आपण म्हणू खुनशी किंवा चिडखोर. ‘सिसूंतुआ’ असं क्रियापद आहे, त्याचा अर्थ डिवचल्यामुळे भडकून हट्टाला पेटणं. आणि ‘सिसुकास’ हे विशेषण मात्र शंभर टक्के कौतुकाचं, हार न मानणारा.

आता इथे आपल्याला एक मोठी मौज सापडते. संस्कृतात ‘अंतर्’ म्हणजे आत, ‘आंत्र’ म्हणजे आतडं. मराठीत ‘आत’ आणि ‘आतडं’. म्हणजे फिनिश भाषेनं ‘आत’पासून ‘सिसू’पर्यंत जो रस्ता काढला, तोच रस्ता आपल्याही भाषेनं काढला. पण पोचलो कुठे? आपण म्हणतो ‘आतड्याची माया’. आपण म्हणतो ‘लेकरासाठी आतडं तुटतं’. मराठी माणसाच्या आतड्यात चिवटपणा राहत नाही, माया राहते. पोटाचंही तसंच. ‘पोटात घालणं’ म्हणजे क्षमा करणं, ‘पोटात ठेवणं’ म्हणजे गुपित राखणं. धैर्याला आपण छातीत जागा दिली आहे. ‘छाती आहे का तुझी?’ असं आपण विचारतो, ‘आतडं आहे का तुझं?’ असं कुणी विचारत नाही. ताठपणा आपण पाठीच्या कण्यात ठेवला. म्हणून इंग्रजी अनुवादकाला ‘गट्स’ हा शब्द हाताशी मिळाला, तो नशीबवान. त्याचं आतडं आणि फिनिश आतडं एकाच कामाला लागलेलं आहे. मराठी अनुवादकानं मुळाला धरून ‘आतडं’ लिहिलं तर वाचकाच्या मनात युद्धभूमीवरचा सैनिक उभा राहणार नाही, बाळंतपणाला आलेल्या लेकीची आई उभी राहील. व्युत्पत्ती अगदी बरोबर आणि अनुवाद अगदी चूक, असं होऊ शकतं, ते असं.

तर वेगवेगळ्या अनुवादांचं हे पहिलं कारण. प्रत्येक भाषेनं शरीरात भावनांच्या खोल्या वेगळ्या वाटून दिल्या आहेत. शब्दाचं शरीर राखायचं की शब्दाचं काम राखायचं, हे अनुवादकाला निवडावं लागतं.

दुसरं कारण काळाचं आहे. शब्द एका जागी थांबत नाहीत. सिसू हा गुण म्हणून मिरवू लागला तो मुख्यतः विसाव्या शतकात. मग आलं हिवाळी युद्ध. सोव्हिएत रशियानं 30 नोव्हेंबर 1939 रोजी फिनलंडवर हल्ला केला. लढाई 105 दिवस चालली आणि 13 मार्च 1940 रोजी संपली. जगाचं लक्ष तिकडे लागलं होतं. जानेवारी 1940 मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकानं आपल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगितला. त्यांनी एका शब्दावर भागवलं नाही. बढाई आणि शौर्य, हिंस्रपणा आणि चिवटपणा, बाकीचे लोक जिथे थांबतात त्याच्या पुढेही लढत राहण्याची ताकद, अशी माळच लावली. फिनिश लोक स्वतः याला ‘फिनिश वृत्ती’ म्हणतात, पण शब्द त्याहून जास्त रांगडा आहे, अशी पुस्तीही जोडली. त्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फिनलंड समजून घ्यायची किल्ली म्हणजे हा शब्द, अशा आशयाचा लेख आला.

बघा, इथे काय घडलं. आतल्या उसळीचं नाव असलेला शब्द एका देशाचा बिल्ला झाला. आपल्याकडे ‘बाणा’ या शब्दाचं जे झालं तेच. ‘मराठी बाणा’ म्हटलं की तो कुणा एका माणसाचा स्वभाव राहत नाही, तो छातीवर लावायचा बिल्ला होतो. 1940 नंतरच्या इंग्रजी अनुवादकाला म्हणून दोन सिसूंशी व्यवहार करावा लागतो. एक घरातला, जो आई आपल्या हट्टी पोराबद्दल बोलते. दुसरा झेंड्यावरचा. ‘फिनिश स्पिरिट’ हा अनुवाद दुसऱ्याला चालतो, पहिल्याला अजिबात चालत नाही. टीकाकार म्हणून आम्हाला हा अनुवाद सगळ्यांत कमजोर वाटतो, कारण तो शब्दाचा अर्थ सांगत नाही, मालकी सांगतो. मालकी सांगितली की पुढचं विचारायचं राहून जातं. उलट ‘टाइम’च्या त्या लेखकानं माळ लावली, त्यात पसारा असला तरी प्रामाणिकपणा जास्त आहे. बढाई आणि हिंस्रपणा हे शब्द त्यानं गाळले नाहीत. नंतरच्या गुळगुळीत व्याख्यांमधून ते गळून गेले.

अर्थ असा उलटा होण्याचं घरचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या तोंडात रोज असतं. शब्द ‘जिद्द’. मूळ अरबी, अर्थ विरुद्ध, उलट. फारसीतून तो इकडे आला. हिंदीत ‘ज़िद’ झाला आणि अजूनही बहुतेक वेळा तक्रारीचाच राहिला. ‘बच्चा ज़िद कर रहा है’ म्हणजे पोर हटून बसलंय. मराठीत मात्र ‘जिद्द’ कौतुकाच्या बाजूला सरकला. नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत हा प्रयोग करून बघा. शेजारच्या हिंदी भाषक बाई आपल्या मुलीला ‘बहुत ज़िद्दी है’ म्हणतात तेव्हा त्या वैतागलेल्या असतात. मराठी बाई ‘फार जिद्दी आहे हो पोरगी’ म्हणतात तेव्हा त्यांना दहावीच्या निकालाबद्दल सांगायचं असतं. शब्द एक, मूळ एक, एकाच जिन्यावर दोन मूल्यं. सिसू या एका शब्दाच्या पोटात या दोन्ही बायका राहतात. म्हणून मराठी अनुवादकानं डोळे मिटून ‘जिद्द’ लिहिलं की एक बाई घराबाहेर काढली जाते.

आता तिसरं कारण, आणि आमच्या मते हेच खरं. सिसू ही गोष्ट काळाच्या कुठल्या बिंदूवर सुरू होते? इंग्रजीत अलीकडे ‘ग्रिट’ शब्द फार चालतो. अँजेला डकवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2007 पासून तो संशोधनात रुळवला. त्यांच्या लेखी ग्रिट म्हणजे दूरच्या ध्येयासाठी वर्षानुवर्षं टिकणारी ओढ आणि सातत्य. हे तर आपल्या ‘चिकाटी’चं वर्णन झालं. सिसूवर संशोधन करणाऱ्या एमिलिया लाहती या फिनिश बाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मांडणीत सिसूचा गाभा असा की आपल्याला वाटतं आता आपली ताकद संपली, आणि त्या संपण्याच्या पलीकडे आणखी एक साठा सापडतो. म्हणजे चिकाटी सुरुवातीपासून असते, सिसू शेवटाला येतो. चिकाटीला ध्येय लागतं, सिसूला भिंत लागते.

हे नुसतं सांगून पटणार नाही. आपण तीन प्रसंग घेऊ आणि त्यांच्यावर शब्द लावून बघू. कुठला शब्द बसतो, कुठला सैल होतो, कुठला टोचतो, एवढंच बघायचं.

पहिला प्रसंग फिनलंडचाच. म्युनिक ऑलिंपिक, सप्टेंबर 1972, दहा हजार मीटरची अंतिम शर्यत. लासे व्हिरेन नावाचा फिनिश धावपटू, पेशानं पोलीस. निम्मी शर्यत व्हायच्या थोडं आधी तो पडला. ट्युनिशियाचा मोहम्मद गाम्मूदी त्याच्यावर अडखळून पडला. व्हिरेन लगेच उठला, पुढच्या घोळक्याला जाऊन मिळाला, शर्यत जिंकला, आणि वर 27 मिनिटं 38.4 सेकंद असा विश्वविक्रमही केला. आधीचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा होता, 1965 चा, तो एका सेकंदानं मोडला. गाम्मूदीही उठला होता, थोडा धावला, पण त्यानं शर्यत सोडली. सिसूचं उदाहरण म्हणून हा प्रसंग हटकून सांगितला जातो.

आता शब्द लावा. ‘धैर्य’ बसत नाही, कारण भिण्यासारखं समोर काही नव्हतं. ‘चिकाटी’ त्याच्या कित्येक वर्षांच्या सरावाला बसते, त्या पडण्या-उठण्याला बसत नाही. ‘सहनशक्ती’ अर्धवट बसते, पण त्यात उसळी नाही. ‘जिद्द’ बसते, आणि छान बसते. पडल्यावर उलट फिरून उभं राहणं, आणि शेवटी जिंकणं. इथे मराठी अनुवादकानं बिनधास्त ‘जिद्द’ लिहावं.

दुसरा प्रसंग आपला, पण घडला मात्र फिनलंडमध्येच. 1952 चं ऑलिंपिक हेलसिंकीला झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे 57 किलो गटात कुस्ती खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं पदक. त्याआधी 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, आणि लाल मातीत घडलेल्या पैलवानाला गादीवरची कुस्ती तेव्हा नवी होती. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे आपल्याला माहीत आहे. पुढे खाशाबाही पोलीस खात्यात गेले, हा व्हिरेनशी जुळणारा एक योगायोग.

त्या दिवसाची हकिगत अशी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत पंधरा मिनिटांहून जास्त चालली. ती खाशाबा हरले. दोन लढतींमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना जवळजवळ लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगितलं गेलं, आणि त्यांच्या बाजूनं नियम दाखवायला कुणी भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. ते उतरले, आणि तीही लढत हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

आता इथे शब्द लावून बघा. 1948 ते 1952 ही चार वर्षं म्हणजे ‘चिकाटी’. हेलसिंकी गाठण्यासाठी केलेली धडपड म्हणजे ‘जिद्द’. पदकाच्या बातमीलाही ‘जिद्द’ हाच शब्द आपण लावत आलो. पण त्या दुसऱ्या लढतीसाठी मॅटवर पाऊल टाकतानाच्या क्षणाला कुठला शब्द? दम संपलाय. नियम आपल्या बाजूनं आहे, पण सांगणार कोण? जिंकण्याची आशा जवळपास नाही. अशा वेळी ‘जिद्दीनं हरला’ असं आपण म्हणतो का? म्हणून बघा, जीभ अडखळते. कारण मराठी ‘जिद्द’ला पुढे विजय दिसावा लागतो. विजय आला नाही तर निदान विजयाची खूण तरी. हरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दहा मिनिटांना ‘जिद्द’ पुरत नाही. सिसू पुरतो. हिवाळी युद्धाचा शेवटही आठवा. फिनलंडनं आपल्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा गमावला, आणि तरी त्या युद्धालाच सिसूचं युद्ध म्हणतात. सिसू हा शब्द निकालावर अवलंबून नाही.

इथे एक खबरदारी. खाशाबांच्या मनात त्या क्षणी काय होतं हे आपल्याला कळायचा मार्ग नाही, आणि त्यांच्यावर फिनिश बिल्ला लावायचा आपला विचारही नाही. आपण माणसाची नव्हे, शब्दांची परीक्षा घेतोय. आणि परीक्षेत असं दिसतं की या जागेसाठी मराठीत शब्द नाही असंही नाही. ‘तग’ आहे. ‘तग धरली’ म्हणताना जिंकला की हरला हे आपण बोलत नाही, टिकला एवढंच बोलतो. दुष्काळात झाड तग धरतं. पण तगेत उसळी नाही, ती शांत आहे. म्हणजे सिसूचा अर्धा भाग ‘जिद्द’कडे आहे आणि अर्धा ‘तग’कडे. एकाकडे आग आहे, दुसऱ्याकडे निकालाची बेपर्वाई. म्हणून जो अनुवादक एका पानावर एक शब्द आणि दुसऱ्या पानावर दुसरा वापरतो त्याला विसंगत म्हणू नका. तो प्रसंग वाचतोय.

तिसरा प्रसंग आपल्या खाडीपलीकडचा, अलिबाग तालुक्यातला. चरीचा शेतकरी संप. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली कुळांनी ठरवलं की खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. शेत डोळ्यांसमोर पडीक, घरात दाणा नाही, आणि हे चाललं 1939 पर्यंत, सहा वर्षं. याला सिसू म्हणायचं का? आम्हाला वाटतं, सबंध संपाला नाही म्हणता येणार. त्यात ठराव होता, संघटना होती, मागणी होती, वर्षावर्षाचा हिशोब होता. इथे ‘नेट’ हा शब्द शोभतो, ‘नेटानं चालवलेला संप’. किंवा ‘चिकाटी’. सहा वर्षांतली एखादी रात्र, जेव्हा चूल पेटली नाही आणि तरी सकाळी कुणी नांगर घेऊन खोताच्या शेताकडे गेलं नाही, त्या रात्रीला सिसू म्हणता येईल. म्हणजे सिसू हा बिंदू आहे, चिकाटी ही रेघ. ज्यांनी सिसूचा अनुवाद ‘परसिव्हिअरन्स’ केला त्यांनी बिंदूला ओढून रेघ बनवलं. हा अनुवाद सभ्य आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभेल असा आहे, आणि म्हणूनच तो थोडा चुकतो.

आता चौथं आणि शेवटचं कारण, मूल्याचं. सिसू चांगला की वाईट? आपण आपल्या मनानं काही साधी वाक्यं करू, आणि प्रत्येकात सिसू हा शब्द आहे असं समजून मराठी करू. पहिलं वाक्य, पोरानं जेवायचं नाही म्हटलं की नाहीच जेवत, भलताच सिसू आहे त्याच्यात. इथे मराठी ‘हट्ट’. दुसरं, सगळ्यांसमोर हसल्यावर त्याचा सिसू जागा झाला आणि त्यानं रात्रीत काम उरकलं. इथे मराठी अगदी तयार आहे, ‘तो इरेला पेटला’. मघाशी सांगितलेल्या ‘सिसूंतुआ’ला याहून नेमका पर्याय आम्हाला तरी इंग्रजीत दिसला नाही. तिसरं, छातीत दुखत होतं तरी सिसू म्हणून बाबा डॉक्टरकडे गेले नाहीत. याला मराठीत काय म्हणाल? ‘दुखणं अंगावर काढलं’. बघा, नामाचं क्रियापद झालं, पण अर्थ पूर्ण आला, कौतुक आणि धोका दोन्हींसकट.

हे तिसरं वाक्य गंभीरपणे घ्यायला हवं. फिनलंडमधल्या संशोधकांनी अलीकडे सिसू मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. त्यांनी एकच आकडा काढला नाही. हितकर सिसू वेगळा मोजला आणि अहितकर सिसू वेगळा. स्वतःला झिजवणं, मदत मागायला नकार देणं, आपण सोसलं म्हणून दुसऱ्यांनीही सोसावं असा धाक घालणं, हे सगळं वाईट बाजूचं. म्हणजे ज्यांची ही भाषा आहे तेसुद्धा आता म्हणतात की शब्दात दोन गोष्टी आहेत. मग परभाषेतल्या अनुवादकानं दोन शब्द वापरले तर बिघडलं काय?

आमच्या विषयात हा पेच जुना आहे. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात शौर्य म्हणजे काय याचं एक उत्तर असं येतं की आत्म्याचं टिकून राहणं. सॉक्रेटिस लगेच विचारतो, मूर्खपणानं टिकून राहणं हेही शौर्य का? आणि उत्तर देणारा अडकतो. आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायात याच प्रश्नाची वेगळी सोडवणूक आहे. तिथे ‘धृती’ म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती, आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण आणि इंद्रियं यांना स्थिर धरते ती सात्त्विक. फळाच्या इच्छेनं धर्म, अर्थ, काम धरून ठेवते ती राजस. आणि दुर्बुद्धी माणूस जिच्यामुळे झोप, भय, शोक, खिन्नता आणि मद सोडत नाही ती तामस. इथे नीट थांबून बघण्यासारखं काय आहे? धरण्याची ताकद तिन्हींत आहे. तामस माणसाची पकड ढिली आहे असं गीता म्हणत नाही. त्याची पकड घट्टच आहे, पण त्यानं धरलं आहे ते चुकीचं. म्हणजे गुण पकडीत नाही, पकडलेल्या वस्तूत आहे.

हे सिसूला लावलं की गोंधळ बराच निवळतो. फिनिश शब्द पकडीचं नाव आहे. मराठीत आपण पकडलेल्या वस्तूप्रमाणे पकडीला नाव देतो. चांगलं धरलं तर जिद्द, भलतं धरलं तर हेका, कष्टाचं धरलं तर नेट, अपमान धरला तर ईर, दुखणं धरलं तर अंगावर काढणं, आणि काहीच उरलं नाही तरी धरून राहिला तर तग. यात मराठी गरीब नाही आणि फिनिश श्रीमंत नाही. दोन भाषांनी एकच कापड वेगळ्या ठिकाणी कापलं आहे, इतकंच. आणि म्हणूनच ‘धृती’ हा शब्द सिसूच्या सगळ्यांत जवळ येतो, कारण तोही पकडीचं नाव आहे आणि चांगल्या-वाईटाला दोन्हीकडे मोकळा आहे. अडचण एवढीच की धृती ग्रंथात राहते. हट्टी पोराच्या आईच्या तोंडी ‘फार धृती आहे हो याला’ असं घातलं तर वाचक हसेल. अर्थ जुळला आणि आवाज बिघडला. गीतेच्या इंग्रजी अनुवादकांचीही हीच कुचंबणा आहे. धृतीला कुणी ‘फर्मनेस’ म्हटलं, कुणी ‘फॉर्टिट्यूड’. पण तामस माणसाला ‘फॉर्टिट्यूड’ दिलं की कौतुक होऊन बसतं. सिसूच्या अनुवादकांचं दुखणं आपल्याला इतकं ओळखीचं का वाटतं, ते यावरून कळावं.

मग करायचं काय? प्रश्नोत्तरांत हे विचारलं जाणारच, म्हणून आम्हीच सांगून टाकतो. समजा तुमच्यापैकी कुणी फिनिश कादंबरी, इंग्रजीमार्गे का होईना, मराठीत आणतोय. सिसू शब्द आला की तीन प्रश्न विचारा. बोलणारा कौतुक करतोय की वैतागलाय? हे वागणं रोजचं आहे की शेवटच्या दमाचं? आणि बोलणारा एका माणसाबद्दल बोलतोय की देशाबद्दल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मराठी शब्द आपोआप हाताशी येतो. तिसऱ्याचं उत्तर ‘देशाबद्दल’ असं आलं तर मात्र अनुवाद करू नका, ‘सिसू’ हाच शब्द ठेवा, कारण तिथे तो अर्थ म्हणून नव्हे तर नाव म्हणून आला आहे. आणि पुस्तकात एकदा तरी, शक्यतो सुरुवातीच्या प्रसंगात, मूळ शब्द आणि मराठी शब्द शेजारीशेजारी येतील असं बघा. म्हणजे पुढे तो जिद्द होऊन आला, हट्ट होऊन आला, तरी वाचकाला कळत राहील की हा तोच आहे.

अनुवाद तपासायचा असेल तर एक सोपी कसोटी सांगतो. तुमच्या अनुवादात सिसू असलेला एकही माणूस चुकत नसेल, एकही माणूस हरत नसेल, आणि एकाचाही त्याच्या बायकोला त्रास होत नसेल, तर तुम्ही सिसूचा अनुवाद केलेला नाही, जाहिरातीचा केला आहे. अशा वेळी मागे जाऊन दोन-चार ठिकाणी ‘जिद्द’ खोडून ‘हेका’ लिहावं लागेल.

थांबतो. पुढच्या व्याख्यानात ‘धीर’ या शब्दाकडे वळू. तो धरायचाही असतो, द्यायचाही असतो आणि सुटतोही. या तिन्ही क्रियापदांचं करायचं काय, ते तेव्हा बघू. आता प्रश्न घेऊ या.